वर नाव, खाली काही नाही

आमच्या घरात धड चालणारं सॉकेट एकच आहे, ओसरीत, टीव्हीच्या खाली. बाकीची दोन ठिणग्या मारतात. माझा फोन म्हणजे पुण्याच्या भावाने वापरून वापरून जुना केलेला आयफोन. त्याने नवा घेतला तेव्हा हा मला दिला. गावात आयफोनवाली बाई म्हणून माझा भाव दोन दिवस वधारला, तिसऱ्या दिवशी कळलं की बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. मग काय, घरी असले की फोन ओसरीत वायरीला टांगलेला.

ओसरी म्हणजे माझ्या सासूबाईंचं राज्य. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या त्यांच्या काळात सातवीपर्यंत शिकल्या, आणि ते त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. भज्याच्या पुडीचा कागद, एसटीची पाटी, खताच्या गोणीवरचा मजकूर, लग्नपत्रिकेतली खालची बारीक नावं, दिसेल ते त्या वाचणार आणि मोठ्याने वाचणार. त्यात कपट नाही. आपल्याला वाचता येतं याचं सुख त्यांना अजून पुरलेलं नाही. तर गहू निवडता निवडता शेजारी फोन उजळला की त्या चष्मा वर सारून तोही वाचायच्या.

आता माझं काम सांगते. मी गावची आशा सेविका. कुणाला दिवस गेले, कुणाचं बाळ कमी वजनाचं, कुणाला क्षयाच्या गोळ्या चालू, कुणाला मूल नको आहे, हे सगळं आरोग्य केंद्राच्या आधी माझ्याकडे येतं. पूर्वी बाया पाण्याच्या टाकीपाशी गाठून कानात सांगायच्या. आता व्हॉट्सॲप करतात. त्यांना वाटतं, कानापेक्षा फोन बरा. त्यांना काय माहीत, माझा फोन ओसरीत टांगलेला आहे आणि त्याच्याशेजारी सातवी शिकलेली बाई बसली आहे.

पहिला दणका बसला तो वरच्या आळीतल्या एका पोरीमुळे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिने लिहिलं, ‘ताई पाळी चुकली, सध्या कुणाला सांगू नका.’ फोन कुलूपबंद होता, पण काचेवर सगळं आलं, आणि आत्यांनी ते दारात दूध घालायला आलेल्या बाईसमोर वाचलं, ‘कुणाला सांगू नका’सकट. संध्याकाळपर्यंत पोरीच्या घरी पेढ्याची चौकशी. पाचव्या दिवशी तिला पाळी आली. मग तिच्या सासूने आठवडाभर जे तोंड सोडलं ते मी माझ्या कानाने ऐकलं. मी आत्यांना बोलले तर त्या म्हणाल्या, “मी काय उचकून पाह्यलं का? उजेड झाला, दिसलं.” बरोबरच होतं ते. वाद घालायला जागाच नव्हती, आणि माझा संताप तसाच पोटात राहिला.

मला जास्त धास्ती दुसऱ्याच एकीची होती. गावाबाहेर वडवणीच्या रस्त्याला एक मळा आहे, तिथली धाकटी सून. दोन मुली, थोरली पाच वर्षांची. तिसऱ्या वेळी तिचं रक्त इतकं गेलं होतं की बीडला नेईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला, आणि ते लेकरू काही राहिलं नाही. डॉक्टरांनी निदान तीन वर्षं थांबायला सांगितलं. मळ्यातल्या म्हातारीला, म्हणजे तिच्या सासूला, नातू हवा होता आणि थांबायचं कशाला ते कळत नव्हतं. नवरा मुका नव्हता, पण आईपुढे मुक्यासारखाच. मग ती माझ्याकडे आली आणि आम्ही तिला अंतरा सुरू केलं. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन, मूल न राहण्याचं. उपकेंद्रात सिस्टर देतात. घरात कुणाला पत्ता नाही. सुयांच्या तारखांचं कार्ड माझ्याकडे, माझ्या पिशवीत.

या इंजेक्शनने पुष्कळ बायांची पाळी थांबते, तिचीही थांबली. आता मळ्यात पाळीच्या चार दिवसांत बाजूला बसायची रीत अजून आहे. सून बाजूला बसली नाही तर म्हातारी लगेच बोटं मोजणार. म्हणून ही दर महिन्याला खोटं खोटं बाजूला बसायची, गोठ्याशेजारच्या खोलीत, वेगळं ताट घेऊन. मला म्हणाली होती, “ताई, चार दिवस आराम मिळतोय तेवढाच.” हसून म्हणाली, पण मला हसता आलं नाही. दसरा झाला की दोघं नवराबायको ऊसतोडीला जाणार, तिकडे उसाच्या फडात ना सिस्टर ना मी. जायच्या आधीची सुई चुकली की सगळंच संपलं. आणि ही मला मेसेज करायची तो फोन तिचा असला तरी वाचायचा पडदा माझ्या ओसरीत.

म्हणून मी आधी सोपा मार्ग धरला. लॉक स्क्रीनवर व्हॉट्सॲपचं काही म्हणजे काही दिसू नये असं करून टाकलं. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी भाकरी थापून हात धुतले, फोन उघडला, तर सात दिवसांच्या बाळंतिणीचा मेसेज दोन तासांपूर्वी येऊन पडलेला, ‘बाळ दूध ओढत न्हाई.’ मी चप्पल न घालता पळाले. बाळ थंडावलं होतं. आईच्या छातीशी धरून गाडीत घालून नेलं, वाचलं. पण दोन तास ते काचेच्या आत गप्प पडून होतं आणि मी भाकरी थापत होते, हे अजूनही मला डाचतं. त्याच दिवशी मी सगळं पुन्हा दिसेल असं केलं.

मग फोन पालथा ठेवायला लागले. त्यावर नवऱ्याने विचारलं, “पालथा कावून ठेवतीस?” साधंच विचारलं, आवाजही चढवला नाही. पण आमच्याकडे बाईने फोन पालथा ठेवला की त्याचा एकच अर्थ निघतो. मी म्हटलं, “काच खराब होऊ नये म्हणून.” तो म्हणाला, “मग तर उताणाच ठेव की.” झालं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दाखवलं तर बायांची अब्रू जाते, लपवलं तर माझी.

भावाला फोन केला. तो म्हणाला, “अगं, पूर्ण बंद कशाला करतेस? व्हॉट्सॲपमध्येच जा. सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, आणि तिथे शो प्रीव्ह्यू असं लिहिलंय ते बंद कर. मग नाव दिसेल, मजकूर दिसणार नाही.” मी केलं. फोन कुलूप लावून हातात धरला, आणि म्हटलं, पाठव काहीतरी. त्याने पाठवलं. काचेवर वर आलं ‘भाऊ पुणे’ आणि खाली नुसतं मेसेज आलाय एवढंच. उघडून पाहिलं तर लिहिलं होतं, ‘तुझी सासू अजून ठणठणीत आहे का?’ मी इतकी हसले की आत्यांनी विचारलं काय झालं. म्हटलं, भाऊ तुमची खुशाली विचारतोय.

नवऱ्यालाही मी स्वतःहून दाखवलं. म्हटलं, मजकूर दिसणार नाही, बायांच्या दुखण्याच्या गोष्टी असतात. पण कोणाचा आला ते दिसेल. तो म्हणाला, “नाव दिसतंय ना, मग झालं.” म्हणजे मजकूर झाकायला घरातून परवानगी मिळाली ती नाव उघडं राहतंय म्हणूनच. मला तरी काय, नावच हवं होतं. बाळंतिणीचं नाव दिसलं की धावायचं, सरपंचाच्या गुड मॉर्निंगला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात तशी मी दोन-तीन आठवडे तोऱ्यात होते.

आता माझी नावं कशी होती ते सांगायला हवं. आमच्या गावात निम्म्या बायांचं आडनाव एक, आणि एकाच नावाच्या तर चार-चार. तेव्हा नुसतं नाव लिहून भागत नाही. माझ्या वहीत मी पहिल्यापासून अशी नोंद करते, घर कुठलं, नात्याने कोण, आणि कशासाठी. फोनमध्येही तशीच. ‘पारावरची थोरली बीपी.’ ‘बोळातले काका टीबी गोळ्या.’ ‘शाळेमागची नववा महिना.’ नाव वाचलं की बाई डोळ्यांपुढे उभी आणि तिचं कामही. आमच्या गटातल्या दुसऱ्या आशांनाही मी ही युक्ती शिकवली होती, आणि त्याची मला घमेंड होती. मळ्यातलीला मी लिहिलं होतं, ‘मळ्यातली धाकटी अंतरा.’ सगळं मराठीत, ठळक, कुणालाही वाचता येईल असं.

हे लिहिताना आता कुणीही म्हणेल, अगं बाई, तुला दिसलं कसं नाही? नाही दिसलं. मजकूर झाकला म्हणजे गुपित झाकलं, इतकंच माझ्या डोक्यात होतं. उपकेंद्राच्या पायरीवर मी तिला सांगितलं, “आता मोकळेपणानं लिहीत जा, काही दिसत न्हाई.” तिने विचारलं, “खरंच काई दिसत न्हाई?” मी म्हटलं, “नुसतं तुझा मेसेज आला एवढंच दिसतंय.” तिचा विश्वास बसला. त्याआधी ती फक्त ‘ताई आहात का’ एवढंच लिहायची. नंतर मोकळी झाली. रात्रीच्या स्वयंपाकाआधी लिहायची, म्हातारी काय बोलली, थोरलीला ताप आहे, यंदा टोळी कोणत्या कारखान्याला जाणार. एकदा लिहिलं, ‘तुमच्याशी बोललं की बरं वाटतंय.’ प्रत्येक वेळी माझ्या ओसरीत काचेवर उजेड पडायचा. आत्या वाचायच्या, “मळ्यातली धाकटी अंतरा,” आणि पुढे काही नसल्याने कंटाळून गव्हाकडे वळायच्या. माझ्या कानावर पडायचं तरी माझ्या मनात आलं नाही.

दसरा उलटून तीन-चार दिवस झाले होते. गावात ट्रॅक्टर यायला लागले होते, बाया भांडी, सरपण, अंथरुणं बांधत होत्या. तिची सुई त्या आठवड्यात होती. ठरलं असं होतं की सिस्टर उपकेंद्रात आल्या की मी कळवायचं आणि तिने दळणाच्या निमित्ताने यायचं. त्या सकाळी मी मागे धुणं धूत होते. मळ्यातली म्हातारी आमच्याकडे आली होती. ती आणि आत्या दोघी दिंद्रुडच्या लेकी, एका गल्लीतल्या. टोळी निघायच्या आधी ती दर वर्षी भेटून जाते. दोघी ओसरीत चहा घेत होत्या. मी शेवटचं लुगडं पिळलं आणि आतून ऐकलं, आत्या वाचत होत्या. “मळ्यातली धाकटी अंतरा.” थोड्या वेळाने पुन्हा, कारण दुसरा मेसेज आला होता.

मी ओले हात घेऊन तशीच आत आले. म्हातारी विचारत होती, “आमची धाकटी व्हय? अन् अंतरा म्हंजे काय?”

मी म्हटलं, “ताकदीची सुई असते. अशक्तपणा आहे ना तिला.”

माझं वाक्य पुरं झालं तसं मला वाटलं, सुटले. एवढं खोटं चालून गेलं असतं. म्हातारीने मान हलवलीही होती. पण आत्यांना चुकीचं वाचलेलं आणि चुकीचं सांगितलेलं सहन होत नाही. त्या म्हणाल्या, “ताकदीची न्हाई गं, तीन महिन्याची हाय ती, लेकरू न ऱ्हाण्याची. तूच न्हाई का पोस्टर आणलं व्हतंस, मी वाचलंय की सगळं.” आणि त्या माझ्याकडे बघून हसल्या, शाळेत उत्तर बरोबर आल्यावर पोरी हसतात तशा.

म्हातारीने बशीतला चहा संपवला, कप खाली ठेवला, पदर डोक्यावर सारखा केला आणि उठली. दारात थांबून मला म्हणाली, “किती दिस चाललंय हे?” ती चालत गेली. म्हातारीच्या मानाने लई भराभर गेली. मी वायरीसकट फोन ओढला, उघडला. धाकटीचे दोन मेसेज होते. ‘ताई सिस्टर आल्या का.’ ‘सासू तुमच्याकडं आलीय, तवर मी येऊन जाते.’ मी लगेच फोन लावला. वाजत राहिला. ती तर वाटेत होती, फोन घरी ठेवून, दळणाचा डबा डोक्यावर घेऊन. हे मला नंतर कळलं. त्याच वाटेवर सासू तिला भेटली.

मी आत्यांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, तुमच्या वाचण्याने एका बाईचा गळा कापला. त्या गांगरल्या, हातातलं सूप खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मी वाचलं गं. पर लिवलं कुणी?” त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी ओसरीत काही मोठ्याने वाचलं नाही, पेपरसुद्धा. मला त्याचंही वाईट वाटलं आणि रागही गेला नाही. खरं तर राग माझ्यावरच होता, तो जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी मी ताप-सर्वेक्षणाची वही घेऊन मळ्यात गेले. म्हातारी दारातच होती. “सुई टोचायला आलीस का?” म्हणाली. मागे धाकटी भांडी घासत होती. तिने वर पाहिलं नाही. गालावर काही दिसतंय का म्हणून मी बघत होते आणि म्हातारी मी काय बघते ते बघत होती. फोन सासऱ्याकडे गेला होता. दोन दिवसांनी टोळी निघाली. ट्रॅक्टरपाशी मी कार्ड पिशवीत घेऊन गेले, वाटेत कुठल्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल म्हणून. ते तिच्या हातात द्यायचं कसं? नवरा शेजारी, सासू निरोप द्यायला पुढ्यात, दोन्ही मुली मांडीवर. मी इतर बायांना गोळ्या, ओआरएसच्या पुड्या वाटल्या. तिच्याही हातात एक पुडी ठेवली. तिने ती न बघता पिशवीत टाकली. कार्ड माझ्याकडेच राहिलं.

मी त्या संध्याकाळी बसून फोनमधली सगळी नावं बदलली. दोनशेच्या वर होती. बीपी, टीबी, गोळ्या, महिने, सगळं पुसलं. नुसतं घर आणि नातं ठेवलं. दुसऱ्या आशांनाही सांगितलं, कारण न सांगता. भाऊ म्हणाला, एवढ्यासाठी एवढं कशाला, मजकूर तर बंदच आहे ना.

गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या. चार दिवसांनी म्हातारी स्वतः धाकटीला घेऊन उपकेंद्रात आली. पाचवा महिना चालू होता. उसाच्या मोळ्या वाहून पाय सुजलेले, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या. म्हातारी खुशीत होती, मला म्हणाली, “झालं गेलं जाऊ दे. आता नीट बघ हिच्याकडं.” सिस्टरांनी रक्त घेतलं आणि हिमोग्लोबिनचा आकडा वाचून माझ्याकडे बघितलं. मी नोंदणीची वही उघडली. मोबाइल नंबरचा रकाना आला तेव्हा म्हातारी म्हणाली, सासऱ्याचा लिही. मी लिहिला. मग सिस्टरांनी म्हातारीला आत कागदावर अंगठा द्यायला बोलावलं आणि आम्ही दोघीच राहिलो.

मला नंबर सेव्ह करायचा होता, कारण यावेळी अपरात्री काही झालं तर मला पळावं लागणार हे मला दिसत होतं. मी फोन काढला. ती उठून माझ्याशेजारी आली आणि माझ्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. तिला अडखळत वाचता येतं. मी टाइप केलं, ‘मळा.’ एवढंच. तिने ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “मजकूर झाकला अन् नाव उघडं ठेवलं.”

“ठीक हाय आता,” ती म्हणाली. “पर आता लपवायचं काय ऱ्हायलं, ताई?”

म्हातारी आतून अंगठ्याची शाई पुसत बाहेर आली. मी धाकटीला वजनाच्या काट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो भरलं. मी ते वहीत लिहून घेतलं.